‘क्वाइट गुड’ म्हणजे नेमके किती चांगले?

त्या दुपारच्या बैठकीचे मी लिहिलेले टिपण अजून माझ्या संगणकात आहे. “ग्राहक मसुद्यावर समाधानी. सुरक्षा-सूचनांची जागा त्यांना रोचक वाटली. त्या भागावर सवडीने पुन्हा नजर टाकावी, घाई नाही.” या तीन वाक्यांत मी पदरचे काहीही घातले नव्हते. पलीकडून जे इंग्रजी शब्द आले, त्यांचेच ते प्रामाणिक मराठी होते, आणि तरीही तिन्ही वाक्ये चुकीची होती.

मी नागपुरात, मिहानमधल्या एका लहानशा कंपनीत, यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिण्याचे काम करते. यंत्रे इंग्लंडात विकली जातात आणि त्यांच्यासोबत खोक्यात जाणारी पुस्तिका इथे लिहिली जाते. ग्राहकाचे कार्यालय लीड्सला असल्यामुळे उन्हाळ्यात आमच्या घड्याळांत साडेचार तासांचे अंतर असते. त्यांची सकाळचे दहा वाजताची बैठक आमच्याकडे दुपारी अडीचला, जेवण अंगावर आलेले असताना सुरू होते. त्या दिवशी विषय होता बागेतल्या तळ्यात बसवायच्या एका पंपाची ६४ पानांची पुस्तिका. माझ्या मते वाचकाला आधी यंत्र चालू करून हवे असते, म्हणून मी खोके उघडणे, पंप बसवणे, चालवणे, साफ करणे असा क्रम लावला होता आणि सुरक्षा-सूचना सर्वांत शेवटी नेल्या होत्या. परिणामी पंपाचे झाकण कसे उघडायचे हे नवव्या पानावर होते आणि झाकण उघडण्याआधी वीजपुरवठा बंद करा हे अठ्ठावन्नाव्या पानावर. आज हे लिहितानाही मला कसेसे होते, पण तेव्हा तो क्रम मला फार सुबक वाटला होता.

पलीकडे दोघे होते. पुस्तिकांचे काम पाहणाऱ्या एक बाई, आणि त्यांचे एक सहकारी, जे यंत्राच्या बाजूने बसत. बाई म्हणाल्या, “इट्स क्वाइट गुड.” मग क्षणभर थांबून, “आय सी यू हॅव पुट द सेफ्टी सेक्शन ॲट द एंड. दॅट्स ॲन इंटरेस्टिंग चॉइस.” यावर मी “थँक यू” म्हणाले. पलीकडे शांतता. मग त्या म्हणाल्या, “वेल, आय ॲम शुअर यू हॅड युअर रीझन्स.” तुमची काही कारणे असतीलच, असे कोणी म्हटल्यावर ती सांगणे हा शिष्टाचार समजून मी पुढची चार मिनिटे कारणे सांगितली. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, “राइट.” सहकारी म्हणाले, “दॅट विल कीप द कस्टमर्स ऑन देअर टोज.” ग्राहक सावध राहतील, असा त्याचा अर्थ मी लावला, आणि ते दोघे हसले म्हणून मीही हसले. शेवटी बाई म्हणाल्या, “यू माइट वॉन्ट टु हॅव अनदर लुक ॲट इट. नो रश.”

अकरा दिवसांनी ईमेल आला. सुरक्षा-सूचनांचा भाग हललेला नाही हे पाहून आपल्याला ‘स्लाइटली सरप्राइज्ड’ वाटले, असे बाईंनी लिहिले होते आणि त्या ईमेलची प्रत माझ्या वरिष्ठांना, त्यांच्या वरिष्ठांना आणि मला माहीतही नसलेल्या आणखी दोघांना गेलेली होती. किंचित आश्चर्य वाटलेला माणूस पाच जणांना ईमेल पाठवत नाही, एवढे माझ्या लक्षात आले. छपाई थांबली होती. माझ्या वरिष्ठांनी मला बोलावून विचारले, “त्यांनी बैठकीत हे सांगितलं नव्हतं का?” मी टिपण दाखवले. त्यांनी ते वाचले आणि म्हणाले, “इथे तर ते खूश दिसतात.”

मला त्या वेळी खरा राग आला होता तो इंग्रजांच्या दुटप्पीपणाचा. जे मनात आहे ते बोलायचे नाही आणि मग ऐकणाऱ्याने ते ओळखले नाही म्हणून रुसायचे, हा काय प्रकार आहे? या रागातच मी रविवारी मावशीकडे गेले.

मावशी लक्ष्मीनगरात राहते. तिने कॉलेजात तीसेक वर्षे इंग्रजी शिकवले आणि तरुणपणी हैदराबादच्या इंग्रजीच्या केंद्रीय संस्थेत ध्वनिशास्त्राचे प्रशिक्षण घेतले होते. त्या काळात उच्चारांसाठी आणि वाक्यातल्या सुरांसाठी वेगळे तास असत आणि आपण बोललेले ध्वनिफितीवर ऐकून पुन्हा बोलावे लागे, असे ती सांगते. मे महिना होता. मी आत शिरले तेव्हा ती कूलरमध्ये बादलीने पाणी ओतत होती आणि मला पाहून म्हणाली, “ये, ये. काय गारवा सुटला बाप्पा आज!”

बाहेर पंचेचाळीस अंश होते. मी हसून बादली घेतली. पुढे तासाभराने तिने याच वाक्यावर मला पकडले, पण त्या वेळी मात्र त्यात काही समजून घेण्यासारखे आहे असे माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

माझी तक्रार ऐकल्यावर तिने पहिली गोष्ट विचारली ती अशी, की बाईंनी “क्वाइट गुड” कसे म्हटले, ते म्हणून दाखव. मी म्हटले. ती म्हणाली, “हे तू म्हटलं. तिनं कसं म्हटलं?” बैठकांचे ध्वनिमुद्रण आमच्या गटापुरते जपलेले असते आणि मी ते तोवर तीनदा ऐकले होते, त्यामुळे मला आठवत होते; पण नक्कल करायला गेले की माझा आवाज सपाट निघत होता. मावशीने उठून कूलर बंद केला, कारण त्या घरघरीत सूर ऐकू येणार नाही, आणि आम्ही दोघी घाम पुसत त्या दोन शब्दांवर अर्धा तास बसलो. चौथ्या-पाचव्या प्रयत्नात मला ते जमले. ‘क्वाइट’वर जोर होता, आणि ‘गुड’ खाली घसरून शेवटी पुन्हा जरासे वर उचलले गेले होते. मावशीने लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलने एक रेघ काढली, उतरणारी आणि टोकाशी किंचित वर वळलेली, मराठीतल्या पहिल्या वेलांटीच्या उलट्या शेपटासारखी.

“आता हेच ‘बरं’वर लाव,” ती म्हणाली. “स्थळ बरं आहे.”

मी त्या सुरात म्हटले, “स्थळ बरं आहे…” आणि माझ्याच तोंडून, कोणी न विचारता, पुढचा शब्द निघाला: “पण?”

“तो ‘पण’,” मावशी म्हणाली, “तुझ्या बाईनं म्हटला होता. तू ऐकला नाही.”

इंग्रजीतल्या या घसरून उचललेल्या सुराला ध्वनिशास्त्रात उतार-चढाचा सूर म्हणतात आणि त्याचे मुख्य काम हेच असते, की वाक्य पुरे झाले तरी म्हणणे पुरे झालेले नाही हे कळवणे. सूर नुसता खाली आला असता तर ‘चांगले आहे’ हा निकाल ठरला असता. तो टोकाशी वर गेला म्हणजे काहीतरी राखून ठेवलेले आहे, आणि ते ऐकणाऱ्याने विचारावे किंवा ओळखावे अशी अपेक्षा आहे. ‘क्वाइट’ या शब्दाचे दुखणे याहून थोडे वेगळे आहे. ज्या गुणांना कमी-जास्त असे मोजमाप नाही, उदाहरणार्थ ‘परफेक्ट’ किंवा ‘इम्पॉसिबल’, त्यांच्या आधी आले तर ते ‘अगदी, पूर्णपणे’ असा अर्थ देते. पण ‘गुड’, ‘बिग’ असल्या मोजता येणाऱ्या गुणांच्या आधी आले की ब्रिटिशांच्या तोंडी ते बहुधा ‘बऱ्यापैकी’ इतकेच उरते, आणि जोर त्याच्यावरच दिला तर ते त्या गुणाला आणखी खाली ओढते. उलट ‘क्वाइट’ हलके उच्चारून ‘गुड’वर पूर्ण, उतरता जोर दिला तर कौतुक खरे असू शकते. अमेरिकन माणसाच्या तोंडी मात्र ‘क्वाइट गुड’ बहुतेक वेळा ‘खरोखरच चांगले’ असते. माझे इंग्रजी शाळेत पाठ केलेल्या शब्दार्थांवर आणि नंतर अमेरिकी मालिकांवर पोसलेले, त्यामुळे मी नेमका हा शेवटचा अर्थ घेतला होता.

इथपर्यंत आल्यावर माझा राग थोडा वेगळ्या दिशेने वळला. मी मावशीला म्हटले, की मग इंग्रजीत ‘पण’ हा शब्द नाही का? तो सरळ म्हणायला काय होते? तिचे उत्तर मला आजवर या विषयावर मिळालेले सर्वांत उपयोगी उत्तर आहे. ती म्हणाली, की मराठीत आपण मनातले आडवे-तिडवे बारीक बारीक शब्दांत टाकून मोकळे होतो. “तसं बरं आहे” यातले ‘तसं’ म्हणजे तोच राखून ठेवलेला ‘पण’. “तो येणार आहे म्हणे” यातल्या ‘म्हणे’ने मी माझा विश्वास काढून घेतला. “तूच राहिला होता”मधला ‘च’, “मोठा आला शहाणा”मधले ‘मोठा’, “हो ना”मधला ‘ना’, “येतो तर खरं”मधला ‘तर’: ही एकेका अक्षराची, फार तर दोन-तीन अक्षरांची माणसे वाक्याचा कल सांगायला उभी असतात. सूर असतोच, पण तो चुकला तरी शब्द सांभाळून घेतो. इंग्रजीकडे असे शब्द थोडे आहेत आणि हे सगळे ओझे आवाजाच्या चढ-उतारावर टाकलेले आहे. आपला कान मात्र सवयीने शब्दाचीच वाट बघत बसतो. शब्द येत नाही, म्हणून आपण समजतो की आडवे-तिडवे काही नव्हतेच.

बाईंच्या उरलेल्या वाक्यांकडे यानंतर पाहिले तेव्हा ती विरोधी अर्थाची नव्हतीच असे दिसले; ती अर्धी होती. ‘इंटरेस्टिंग चॉइस’ हे माझ्या निवडीचे मूल्यमापन नव्हते. बाईंनी मूल्यमापन टाळले आहे याची ती खूण होती. चांगला किंवा वाईट म्हणण्याऐवजी माणूस जेव्हा ‘रोचक’ म्हणतो आणि पुढे काहीच विचारत नाही, तेव्हा त्याला त्यात रस नसतो. खरोखर रस असता तर पुढचे वाक्य प्रश्न असते. ‘यू हॅड युअर रीझन्स’मधला भूतकाळही आता मला दिसला: कारणे तेव्हा असतील, म्हणजे आता ती राहिली नाहीत असे तू म्हणू शकतेस. मान राखून माघार घ्यायला त्यांनी मला दार उघडून दिले होते आणि मी त्या दारात उभी राहून चार मिनिटे भाषण केले. ‘यू माइट वॉन्ट टु’ ही सूचना नव्हती, आज्ञा होती. ‘नो रश’ मात्र अक्षरशः खरे असावे. त्यांना वाटले असणार, की एवढी साधी गोष्ट दोन दिवसांत होईलच.

सहकाऱ्यांच्या वाक्याचे काय? ते यांपैकी कशात बसत नव्हते. बाईंनी कमी बोलून दडवले होते, तर सहकाऱ्यांनी उलटे बोलून दाखवले होते. तो उघड टोमणा होता, आणि मला तो टोमणा म्हणून ऐकूच आला नव्हता, याचे मला जास्त वाईट वाटत होते. टोमणे मारण्यात आणि झेलण्यात वऱ्हाडातले कोणी मागे नसते असा माझा समज आहे.

मावशीने तेव्हा तो गारवा काढला. “मी मघा गारवा म्हटलं, तू हसली. कसं कळलं तुला?” मी म्हटले, बाहेर आग पडते आहे म्हणून. ती म्हणाली, एवढे पुरत नाही. आग पडत असताना कोणी “केवढी थंडी!” म्हणाला तर तू म्हणशील त्याला ताप भरला आहे. माझे वाक्य तुला थट्टा का वाटले? मला सांगता येईना. मग तिने आठवण करून दिली, की आदल्या रात्री फोनवर मीच तिला म्हटले होते, उद्या जरा आभाळ येणार आहे, गारवा सुटेल. तिने माझेच वाक्य मला परत केले होते.

भाषाविचारात या गोष्टीचा एक लहानसा इतिहास आहे. एच. पी. ग्राइस या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९६७ मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत मांडले, की संभाषणात माणसे एकमेकांना सहकार्य करत आहेत हे गृहीत असते. म्हणून कोणी उघड उघड असत्य बोलला, की ऐकणारा त्याला खोटे ठरवण्याऐवजी त्याला दुसरे काय म्हणायचे आहे ते शोधतो. उपरोधाचे हे स्पष्टीकरण बरेच पटते, पण नुसते उलटे बोलणे म्हणजे उपरोध असेल तर वाईट गोष्टीला ‘वा, उत्तम!’ म्हणणे जितके सहज आहे तितकेच चांगल्या गोष्टीला ‘छी, भिकार!’ म्हणणे सहज असायला हवे होते. ते तसे नसते. डॅन स्पर्बर आणि डिअर्ड्रे विल्सन या दोघांनी १९८१ मध्ये याचे उत्तर दिले, की उपरोध हा प्रतिध्वनी असतो. बोलणारा कोणाचे तरी म्हणणे, कोणाची तरी आशा किंवा सर्वांना मान्य असलेली अपेक्षा पुन्हा उच्चारतो आणि आपण ती मानत नाही हे दाखवतो. गोष्टी चांगल्या व्हाव्यात ही अपेक्षा जगभर कायम हवेतच असते, म्हणून फसलेल्या कामाला ‘ब्रिलियंट’ म्हणायला आधीचे कोणाचे वाक्य लागत नाही. उलट दिशेला मात्र ते लागते: पुस्तिका भिकार होणार असे कोणी आधी म्हटले असेल, तरच चांगल्या झालेल्या पुस्तिकेला हसत हसत ‘भिकार’ म्हणता येते. आपले ‘दिवे लावले’, ‘उजेड पाडला’, ‘नाव काढलं’ हे सगळे घरच्यांनी आपल्याकडून ठेवलेल्या आशांचे प्रतिध्वनीच आहेत.

हे कळल्यावर सहकाऱ्यांचे वाक्य उलगडले. माझ्या चार मिनिटांच्या भाषणात मी या क्रमाचा फायदा सांगत होते: यामुळे वाचक गुंतून राहील, पुस्तिका शेवटपर्यंत वाचली जाईल. त्यांनी माझी ती फायदे सांगण्याची तऱ्हाच उचलली आणि यादीत एक फायदा वाढवला: शॉक बसण्याच्या भीतीने ग्राहक चवड्यांवर उभे राहतील. वाक्य त्यांचे नव्हतेच, माझे होते. इंग्रजी वाक्य डोक्यावरून गेल्यासारखे वाटले, की त्याच्या शब्दांचा अर्थ धुंडाळण्याआधी मी आता स्वतःला विचारते, हे वाक्य मुळात कोणाचे?

पण सूर? टोमणा मारताना त्यांचा आवाज मला धीरगंभीर वाटला होता आणि याच कारणाने मी फसले होते. आपल्याकडे टोमण्याचा आवाज वर चढतो आणि ताणला जातो: “होऽऽ, आली का राणीसाहेब!” लीड्सचे सहकारी उलट खाली उतरले होते, सावकाश, एका पट्टीत बोलले होते. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या चीअंग आणि पेल या संशोधकांनी २००८ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्यांचे उपरोधिक उच्चार मोजले तेव्हा आवाजाची पट्टी खाली गेलेली आढळली. पुढच्याच वर्षी त्यांनी कँटनीज बोलणाऱ्यांचे मोजले तेव्हा ती वर गेलेली निघाली. म्हणजे उपरोधाचा सूर सगळ्या माणसांना जन्मतः कळतो, ही माझी भाबडी समजूतही गेली. मराठीची अशी मोजणी माझ्या वाचनात नाही. मी माझ्या घरातल्या बायकांच्या आवाजावरून बोलते आहे.

जाता जाता एक सांगितले पाहिजे. कंठातल्या ध्वनीच्या बदलाने अर्थ फिरतो, याला आपल्या जुन्या काव्यशास्त्रात ‘काकु’ असे नाव आहे आणि नवव्या शतकातल्या रुद्रटाने वक्रोक्तीचे दोन प्रकार सांगताना श्लेषाच्या शेजारी काकूला बसवले आहे. शाळेत व्याजस्तुती पाठ केली होती, परीक्षेत दोन गुणही मिळाले होते. ती दुपारी अडीचला हेडफोनमधून येईल असे मात्र कोणी सांगितले नव्हते.

यानंतरचे दोन महिने मी फार वाईट ऐकणारी झाले, कारण मला सगळीकडे टोमणे ऐकू येऊ लागले. सुधारलेली पुस्तिका पाठवल्यावर बाईंचे एका ओळीचे उत्तर आले: “ब्रिलियंट, थँक्स.” मी ते तासभर पाहत राहिले आणि मग दोन परिच्छेदांची दिलगिरी लिहून पाठवली. बाईंचा लगोलग फोन आला, की काही बिघडले आहे का? त्यांना मुळात काहीच म्हणायचे नव्हते. ब्रिटिशांच्या रोजच्या बोलण्यात ‘ब्रिलियंट’ आणि ‘लव्हली’ हे आपल्या ‘झालं, छान’ इतकेच जड असतात; दुकानदार सुटे पैसे घेतानाही ते म्हणतो. प्रतिध्वनीची कसोटी मी इथे लावली असती तर वाचले असते: काम वेळेवर पोहोचले होते, कोणाची अपेक्षा फसलेली नव्हती, मग परत करायला वाक्य कोणाचे उरले होते? बोलण्यात आणखी एक फरक कळतो. खरे ‘ब्रिलियंट’ चटकन, हलके येते आणि बोलणारा लगेच पुढच्या विषयावर जातो. टोमण्यातले ‘ब्रिलियंट’ सावकाश येते, आणि ते म्हटल्यावर बोलणारा किंचित थांबतो, तीर लागला की नाही ते पाहायला.

थट्टेतल्या शिव्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्या नागपूरकराला शिकवाव्या लागत नाहीत. दिवाळीनंतर एकदा मी बैठकीत शिरले तेव्हा तेच सहकारी म्हणाले, “ओह नो, नॉट हर अगेन.” उघड खोटे आणि उघड उद्धट, म्हणजे जवळीक, आपल्याकडे जुना मित्र भेटल्यावर “मेला नाही का बे अजून” म्हणतो त्यातलेच. एवढेच पाळावे, की तिसरा, अनोळखी माणूस बैठकीत असताना ही थट्टा आपण होऊन परत करू नये.

हे सगळे कळले म्हणून दर वेळी अर्थ लागतो असे नाही, आणि ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांनाही तो लागत नाही. एप्रिल १९५१ मध्ये कोरियात इमजिन नदीच्या काठी ब्रिटिश ब्रिगेड चिनी सैन्याच्या प्रचंड हल्ल्यात सापडली असताना ब्रिगेडियर ब्रॉडी यांनी अमेरिकी जनरल सोल यांना परिस्थिती ‘अ बिट स्टिकी’ असल्याचे कळवले, अशी हकीगत सांगतात. ब्रिटिश कानाला याचा अर्थ, आम्ही संपत आलो आहोत. अमेरिकी कानाने ऐकले, की जरा अडचण आहे पण निभावते आहे. वेढल्या गेलेल्या ग्लॉस्टरशर रेजिमेंटच्या बटालियनमधले बहुतेक सैनिक मारले गेले किंवा कैदी झाले. सगळा दोष त्या तीन शब्दांवर टाकणे अन्यायाचे होईल, लढाईत इतरही कारणे असतात. पण ‘अ बिट’ आणि ‘स्लाइटली’ हे शब्द दिसले, की मी आता त्यांना वजनाच्या काट्यावर उलटे ठेवून पाहते. माझ्या बाईंचे ‘स्लाइटली सरप्राइज्ड’ त्याच जातीचे होते.

म्हणून मी अर्थ ओळखण्यावर विसंबणे सोडले आणि प्रश्न बदलला. “डू यू लाइक इट?” असे विचारले, की सभ्य इंग्रज माणूस ‘लव्हली’ म्हणतो आणि संभाषण संपते. त्याऐवजी मी विचारते, “व्हॉट वुड यू लाइक टु सी चेंज्ड बिफोर इट गोज टु प्रिंट?” मत मागितले की ते झाकले जाते, काम मागितले की ते झाकता येत नाही, कारण झाकले तर ते होणार नाही हे त्यांनाही ठाऊक असते. याचे उत्तरही कधी कधी “वेल, नथिंग मेजर” असे येते. तेव्हा मी मायनर काय ते विचारते आणि पेन हातात धरून गप्प बसते. पहिल्यांदा असे केले तेव्हा पलीकडून सात मुद्दे आले, आणि त्यांतला पाचवा चांगलाच मेजर होता. टिपणाला आता दोन रकाने असतात. डावीकडे त्यांचे शब्द, जसेच्या तसे. उजवीकडे काय हलवायचे, कोणत्या पानावरून कोणत्या पानावर, कोणत्या तारखेपर्यंत. उजवा रकाना रिकामा राहिला तर बैठक संपलेली नाही असे मी धरते.

यंदा मार्चमध्ये त्या बाई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना एक ईमेल पाठवला आणि मला वेगळी एक ओळ: “आय शॅल मिस युअर कॉमाज.”

माझ्या स्वल्पविरामांवरून आमचे वर्षभर वाद झाले होते. मी जास्त घालते असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यांनी कितीतरी मसुद्यांतून ते लाल रेघांनी उडवले होते. वाक्य त्यांचे होते की माझे, अपेक्षा कोणाची होती आणि ती फसली होती की नव्हती, हे मी सगळ्या बाजूंनी घासून पाहिले. फोन करून विचारावे असे एकदा मनात आले, पण निरोपाच्या ओळीत कोणते पान कुठे हलवायचे ते विचारता येत नाही.

त्या रविवारी मी ती ओळ मावशीला दाखवली. तिने चष्मा लावला, वाचली, मग उठून कूलर बंद केला, जणू कागदावरच्या अक्षरांचाही सूर घरघरीत बुडत होता. मग तिने ते वाक्य दोनदा मोठ्याने म्हटले, एकदा सरळ खाली उतरत्या सुरात आणि एकदा घसरून टोकाशी उचललेल्या. दोन्ही बसत होते.